उतारावरचं घर आणि त्याचा छेदनकाशा

घराच्या प्लॅनमध्ये खोल्या, दारं, खिडक्या आणि चारी बाजूंना सोडलेली मोकळी जागा दिसते, पण जमीन दिसत नाही. प्लॅनमध्ये भूखंड म्हणजे कागदावरचा चौकोन असतो. तो सपाट आहे की एका टोकाला माणसाच्या उंचीपेक्षा जास्त खाली गेलेला आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी भूखंड एका रेषेवर उभा कापला आहे असं मानून कापलेली बाजू काढावी लागते. या चित्राला साइट सेक्शन किंवा भूखंडाचा छेद म्हणतात. इमारतीच्या नेहमीच्या सेक्शनमध्ये छत, मजले, जिना आणि पाया असतो, आणि जमीन बहुधा पट्टीने ओढलेली एक आडवी रेघ असते. साइट सेक्शनमध्ये प्रत्यक्ष जमीन, तिच्यावर बसणारी इमारत आणि हद्दीपलीकडचे दोन्ही शेजारी एकाच प्रमाणात, एकाच रेषेवर येतात.

कोकणात या चित्राची गरज सर्वांत जास्त भासते. तिथे सपाट जागा थोडी आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस. जमिनीशी जुळवून घेताना झालेली चूक तिथे पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. म्हणून रत्नागिरीच्या परिसरात सर्रास सापडेल असा एक भूखंड नमुन्यादाखल घेऊ. दक्षिणेला चढ, उत्तरेला उतार. उताराच्या दिशेने लांबी २४ मीटर, रुंदी १५ मीटर. पूर्वेच्या बाजूने एक वाट उतरत जाते. वरच्या शेजाऱ्याचं कौलारू घर हद्दीपासून अडीच मीटरवर आहे आणि हद्दीवर चिऱ्यांचा जुना गडगा आहे. खालच्या शेजाऱ्याचं परस आपल्या हद्दीला लागून आहे, आणि हद्दीपासून ५ मीटरवर त्याची विहीर आहे. या जागेवर ९ मीटर रुंद आणि उताराच्या दिशेने १० मीटर खोल असं घर बांधायचं आहे.

पहिला निर्णय छेदाची रेषा कुठून न्यायची हा. जमीन जिथे सर्वांत जास्त वेगाने उतरते त्या दिशेने, म्हणजे समोच्च रेषांना काटकोनात, ती न्यावी. तिरकी नेली की उतार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. रेषा घरातून, वरच्या शेजाऱ्याच्या घरातून आणि खालच्या विहिरीतून जाईल अशी निवडता आली तर उत्तम, कारण ज्या गोष्टींचा एकमेकींवर परिणाम होणार आहे त्या एकाच चित्रात याव्या लागतात. दोन्ही हद्दींच्या पलीकडे निदान १० मीटर तरी रेषा वाढवावी. हद्दीवर थांबलेला छेद कागदावर नीटनेटका दिसतो, पण तो निम्मी माहिती लपवतो. पाणी, माती, सावली आणि नजर यांपैकी काहीच सातबाऱ्यावरच्या हद्दीवर थांबत नाही.

मग पातळ्या घ्यायच्या. त्यासाठी काम संपेपर्यंत हलणार नाही अशी एखादी जागा आधार म्हणून निवडतात. इथे वाटेवरच्या मोरीचा कठडा आहे. त्याची पातळी १००.०० मीटर मानायची. शून्य न मानता शंभर मानतात, म्हणजे पाया किंवा विहिरीचा तळ दाखवताना उणे आकडे येत नाहीत. ऑटो लेव्हल लावून कठड्यावर उभ्या केलेल्या पट्टीचं वाचन १.८० आलं, तर यंत्राच्या नजरेची रेषा १०१.८० वर आहे. त्याच जागेवरून भूखंडाच्या मध्यावरच्या पट्टीवर ०.३० वाचन आलं, म्हणजे तिथली जमीन १०१.५०. नजरेच्या रेषेपेक्षा उंच असलेल्या भागासाठी यंत्र वर हलवून पुन्हा मांडावं लागतं. यंत्र नसेल तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालते. काम हळू होतं, पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही तर पातळी चुकत नाही.

दर ३ मीटरवर वाचन घेतल्यावर आपल्या भूखंडावर असे आकडे मिळाले असं समजू. वरच्या हद्दीवर १०३.६०, ६ मीटरवर १०२.८०, ९ मीटरवर १०२.२०, १२ मीटरवर १०१.५०, १५ मीटरवर १०१.००, १८ मीटरवर १००.६० आणि खालच्या हद्दीवर १००.००. एकूण उतार ३.६० मीटर, पण तो सगळीकडे सारखा नाही. मधल्या भागात जमीन झपाट्याने खाली येते. फक्त दोन टोकांच्या पातळ्या घेऊन मध्ये सरळ रेघ ओढली असती, तर मध्यावरची जमीन खऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर उंच दिसली असती. दोन पायऱ्यांचा हा फरक नेमका घराच्या मधोमध पडला असता. जमिनीचा उतार जिथे मोडतो तिथे ३ मीटरचा हिशेब सोडून जादा वाचन घ्यावं, ते याचसाठी.

शेजाऱ्यांच्या जमिनीच्या पातळ्याही त्यांना विचारून घ्यायच्या. वरच्या बाजूला गडग्याआड माती थोडी चढलेली आहे, १०३.९०. त्या घराचं जोतं १०४.६५ वर आहे, आणि मालकाच्या सांगण्यावरून पाया साधारण १०३.०० पर्यंत गेलेला आहे. खालच्या परसात जमीन ९९.८० आहे. विहिरीचं पाणी दोनदा नोंदवायचं, मे महिन्यातलं आणि भर पावसाळ्यातलं. प्रत्यक्ष मोजता आलं नाही तरी विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवरची ओलीची खूण आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण पुरते. आपल्या उदाहरणात पावसाळ्यातलं पाणी ९९.२० पर्यंत चढतं.

आता कागद. १:१०० या प्रमाणात २४ मीटरचा भूखंड २४ सेंटिमीटर होतो. दोन्हीकडचे दहा-दहा मीटर धरले की ४४ सेंटिमीटर, म्हणजे ए-२ कागदावर चित्र आरामात बसतं. आडवं आणि उभं प्रमाण एकच ठेवायचं, याला तडजोड नाही. रस्त्याच्या छेदात उभं प्रमाण दसपट वाढवण्याची पद्धत आहे, कारण तिथे किलोमीटरभर लांबीतले बारीक चढउतार दिसायला हवे असतात. घराच्या छेदात तसं केलं तर सौम्य उतार कड्यासारखा दिसेल आणि कागदावर मोजलेला एकही कोन खरा राहणार नाही.

सर्वांत आधी मूळ जमिनीची रेघ काढायची. पुढे किती खोदलं, किती भरलं हे तिच्यावरूनच कळणार असतं, म्हणून काम झाल्यानंतरची जमीन ठळक रेघेने दाखवली तरी मूळ रेघ तुटक स्वरूपात शेवटपर्यंत कागदावर ठेवायची. हद्दी उभ्या तुटक रेषांनी, शेजाऱ्यांची घरं बाह्यरेषेने, पाया आणि कापलेल्या भिंती जाड रेघेने, अशी पद्धत आहे. त्यानंतर घर या जमिनीवर बसवून पाहायचं. आपलं घर वरच्या हद्दीपासून ७ मीटरवर सुरू होऊन १७ मीटरवर संपतं. वरच्या भिंतीशी जमीन १०२.६० आणि खालच्या भिंतीशी साधारण १००.७३. म्हणजे एका घराखालीच जमीन १.८७ मीटर उतरते.

यातून सुटण्याचा बहुतेकांना पहिल्यांदा सुचणारा मार्ग म्हणजे सगळं घर एका पातळीवर घेणं. वरच्या बाजूला जोतं जमिनीपासून ४५ सेंटिमीटर हवं, म्हणून जोत्याची पातळी १०३.०५. कागदावर ही आडवी रेघ खालच्या भिंतीपर्यंत नेली की तिथे जोतं २.३२ मीटर उंच निघतं. तुटक रेघ आणि जोत्याची रेघ यांच्यामधलं क्षेत्रफळ मोजलं तर १४.७ चौरस मीटर भरतं. त्याला घराच्या रुंदीने, ९ मीटरने गुणलं की सुमारे १३२ घनमीटर भराव, म्हणजे साधारण ४७ ब्रास मुरूम. दाबल्यावर तो बसतो, तेव्हा प्रत्यक्षात याहूनही जास्त आणावा लागेल. हा भराव सगळा खालच्या भिंतीवर रेटा देतो आणि पावसात भिजला की रेटा आणखी वाढतो. खालचं जोतं ही मग साधी भिंत राहत नाही, ती भराव पेलणारी रिटेनिंग वॉल होते आणि तिची जाडी व पाया तसाच धरावा लागतो. अशा घरांत खालच्या बाजूच्या खोल्यांची फरशी चार-दोन वर्षांत खचते आणि भिंतीच्या कडेला भेग पडते. त्याचं कारण बहुधा हाच उंच, नीट न दाबलेला भराव असतो.

दुसरा मार्ग जेसीबी लावून डोंगर कापण्याचा. जोतं १०१.२० वर धरलं तर भराव जवळजवळ लागत नाही, पण घराच्या वरच्या बाजूला १.७५ मीटर उंचीचा उभा काप तयार होतो. काप कुठे आहे यावर सगळं अवलंबून. तपासण्याची रीत सोपी आहे. वरच्या शेजाऱ्याच्या पायाच्या तळापासून, आणि गडग्याच्या तळापासूनही, आपल्या बाजूला तिरकी रेघ ओढायची. चांगल्या, कोरड्या मातीत ती ४५ अंशांत चालते. कोकणातल्या भिजलेल्या मातीसाठी दोन आडवे आणि एक उभा असा सौम्य उतार धरणं शहाणपणाचं. या रेघेखाली आपली खोदाई जाता कामा नये. काप घराजवळ, म्हणजे हद्दीपासून ६ मीटरवर असेल तर तो रेघेच्या वर राहतो. पण अंगण मोठं मिळावं म्हणून तोच काप हद्दीपासून एका मीटरवर नेला, तर शेजाऱ्याच्या पायाची रेघ तिथे १०१.२५ वर येते आणि आपली खोदाई १०१.०५ पर्यंत गेलेली असते. गडग्याची स्थिती तर त्याहून वाईट, त्याच्या पायथ्यापासून मीटरभरावर जवळजवळ अडीच मीटरचा खड्डा. पहिल्या जोरदार सरीत आधी गडगा येईल आणि मग वरच्या घराच्या भिंतीला तडे जातील. काप कुठे घ्यायचा हे कागदावर पाच मिनिटांत ठरतं, आणि त्या पाच मिनिटांवर शेजाऱ्याचं घर उभं असतं.

अशा उतारावर सर्वांत चांगला बसणारा मार्ग म्हणजे घर दोन पातळ्यांत मोडणं. वरचा अर्धा भाग १०२.५० वर आणि खालचा अर्धा १०१.६० वर. मधला फरक ९० सेंटिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या. वरच्या बाजूला दीड मीटर रुंदीची पट्टी १०२.०५ पर्यंत उतरवायची. तिच्या कडेला राहणारा काप जेमतेम ८० सेंटिमीटरचा असतो आणि तो चिऱ्याच्या बुटक्या भिंतीने सहज पेलता येतो. खालच्या टोकाला जोतं ८७ सेंटिमीटर उंच राहतं. भराव सुमारे ४२ घनमीटर, म्हणजे १५ ब्रास. एका पातळीच्या घराच्या तुलनेत एकतृतीयांशापेक्षा कमी! त्यातले तीनेक ब्रास वरच्या पट्टीतल्या खोदाईतून निघतात, ती माती भरावाला योग्य असली म्हणजे झालं. घरात पायऱ्या येतात ही याची किंमत, आणि घरात म्हातारं माणूस किंवा चाकांची खुर्ची असेल तर ती मोठी किंमत आहे. अशा वेळी झोपण्याची खोली, न्हाणीघर आणि मुख्य दार एकाच पातळीवर येतील अशी मांडणी करावी लागते. ती जमते का, हेही छेदातच पाहायचं.

पाया काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. पायाचा तळ मूळ जमिनीच्या तुटक रेघेच्या खाली, पक्क्या थरात गेला पाहिजे. भरावात थांबलेला पाया कागदावर लगेच ओळखू येतो, कारण तो तुटक रेघेच्या वर तरंगत असतो. जांभ्याच्या जागेत याला आणखी एक पदर आहे. जांभ्याचा वरचा थर टणक असतो आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकण माती लागते. जितकं खोल तितकं पक्कं हा सर्वसाधारण समज तिथे उलटा पडू शकतो. म्हणून भूखंडाच्या वरच्या आणि खालच्या भागात एकेक चाचणी खड्डा घेऊन लागलेले थर छेदावर उतरवायचे. दोन पातळ्यांच्या घरात पायाही पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वरच्या पायाच्या तळापासून ओढलेली तिरकी रेघ खालच्या पायाच्या खोदाईने तुटत नाही ना, ही वर सांगितलेलीच तपासणी आपल्याच घराच्या दोन भागांसाठी करावी लागते.

पाणी दाखवल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपल्या अंगणातून खाली जाणार आहे, भिंत बांधून ते अडवता येत नाही. अडवलंच तर ते भिंतीमागे साचतं आणि भिंत ढकलतं. म्हणून बुटक्या भिंतीमागे दगडगोट्यांचा थर, भिंतीत पाणी सुटायला छिद्रं आणि पायथ्याशी चर, हे सगळं छेदात काढायचं. चराची पातळी १०२.०५ च्या आसपास आहे. त्या जागी वाटेकडेचं गटार १०२.३० वर असेल, तर चराचं पाणी त्यात चढणार नाही. मग चर घराच्या कडेने खाली नेऊन, वाटेचं गटार जिथे चराच्या तळाखाली गेलं असेल तिथे, म्हणजे इथे साधारण १२ मीटरच्या पुढे, सोडावा लागतो. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं हेही दिसायला हवं. ते जोत्याला लागूनच्या भरावात मुरलं तर वरची सगळी काळजी वाया जाते.

शोषखड्ड्याचा प्रश्न हद्द ओलांडल्याशिवाय सुटत नाही. प्लॅनमध्ये तो खालच्या कोपऱ्यात शोभतो, कारण पाइपला उतार आपोआप मिळतो. तिथे जमीन १००.३० आहे. अडीच मीटरचा खड्डा घेतला तर तळ ९७.८० वर जातो. आता शेजाऱ्याच्या विहिरीतल्या पावसाळी पाण्याची रेघ, ९९.२०, आपल्या बाजूला वाढवून पाहायची. विहिरीबाहेर ती थोडीफार वरखाली होईल, पण खड्ड्याचा तळ पावसाळ्यात मीटरभर तरी पाण्यात बुडालेला असेल हे स्पष्ट दिसतं. असा खड्डा पाणी शोषत नाही, त्यातली घाण भूजलात मिसळते आणि तिथून विहिरीत जाते. उपाय छेदातच सापडतो. न्हाणीघर आणि संडास घराच्या वरच्या, १०२.५० च्या भागात घेतले, तर पाइपचा उतार राखून खड्डा पूर्वेच्या उंच जागेत आणि उथळ घेता येतो. खोल्यांची मांडणी अशी जमिनीखालच्या पाण्यावरून बदलते. विहिरीपासूनचं खरं अंतर मात्र प्लॅनवरच मोजावं, छेदात बाजूचं अंतर दिसत नाही.

सावली आणि नजर यांचा हिशेब लवकर होतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. छेद दक्षिणोत्तर असल्यामुळे शेजाऱ्याच्या वळचणीपासून त्या कोनात रेघ ओढता येते. ती आपल्या अंगणात मीटर-दीड मीटरवरच टेकते, घरापर्यंत पोहोचत नाही. दिशा वेगळी असेल किंवा सकाळ-संध्याकाळची सावली हवी असेल तर एवढ्याने भागत नाही. नजरेसाठी पडवीत उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून १.६० मीटरवर धरून हद्दीवरच्या दीड मीटर भिंतीच्या माथ्यावरून रेघ पुढे न्यायची. एका पातळीच्या घरातून ती शेजाऱ्याच्या परसात हद्दीपासून पावणेचार मीटरवर जमिनीला टेकते. दोन पातळ्यांच्या घरातून ७ मीटरवर. म्हणजे पहिल्या घरातून खालच्या परसाचा बहुतेक भाग कायम नजरेखाली राहतो, आणि भिंत कितीही नवी असली तरी त्याचा त्रास रोज होतो.

एका छेदावर मात्र विसंबून राहू नये. तो भूखंडाचा एकच काप असतो. जमीन बाजूलाही उतरत असेल तर आडवा दुसरा छेद लागतो, आणि वाटेच्या कडेने तिसरा काढला तर दाराची पायरी आणि गटार यांचा मेळ बसतो. काढलेला छेद कच्चा आहे का, हे सामान्य घरमालकालाही ओळखता येतं. जमिनीची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ असेल, चित्र हद्दीवर तुटत असेल, पातळ्यांचे आकडे नसतील किंवा मूळ जमिनीची तुटक रेघच नसेल, तर तो नकाशा परत पाठवावा आणि पातळ्या घेऊन नव्याने मागावा. छेदाची रेषा प्लॅनवर दाखवलेली असावी. आधारपातळी कुठली धरली आणि पातळ्या कोणत्या तारखेला घेतल्या, हेही कागदावर लिहून घ्यावं. हे सगळं जेसीबी जागेवर येण्याआधी करून घ्यावं, कारण एकदा खोदाई झाली की मूळ जमीन पुन्हा मोजता येत नाही.